होलसेलला क्रीम विकताना मी काय काय चुकले

माझी सहा प्रॉडक्टची छोटी रेंज आहे. फेसवॉश, टोनर, मॉइश्चरायझर, दोन सीरम आणि एक सनस्क्रीन. फॉर्म्युला माझा, बनवून घेते बाहेरच्या युनिटकडून. पहिलं दीड वर्ष मी थेट गिऱ्हाइकालाच विकलं, ऑर्डर आली की पॅक करायची, पैसे आधीच जमा, डोक्याला ताप नाही. मग सलून आणि मेडिकलमध्ये माल ठेवायचं ठरवलं, आणि पहिल्या सात-आठ महिन्यांत इतकं शिकायला मिळालं की लिहून ठेवावंसं वाटलं. आकडे सगळे १०० च्या हिशोबात लिहिते, म्हणजे गिऱ्हाईक दुकानात एका बाटलीला १०० देतं असं धरा, तुमचं चलन कुठलंही असो. टॅक्स वगळून.

तर माझी पहिली प्राइस लिस्ट म्हणजे काय, तर माझ्या वेबसाइटची लिस्ट घेतली आणि सगळ्यावर सरसकट २० टक्के सूट लावली. १०० ची बाटली ८० ला. माझा खर्च बाटलीमागे ३२, त्यात आतला माल, बाटली, लेबल, खोकं सगळं आलं. म्हणजे ४८ माझ्याकडे, मी खुश. ही लिस्ट घेऊन एका सलूनवाल्या मॅडमकडे गेले. त्यांनी लिस्ट नीट वाचली, चिडल्याबिडल्या नाहीत, फक्त विचारलं की हे २० माझ्याकडे कसे उरणार ते सांग. मी म्हटलं ८० ला घ्या, १०० ला विका. त्या म्हणाल्या, फेशियल झाल्यावर जी मुलगी बाटली खपवते तिला मी १० देते, कार्ड मशीनचे दोनेक जातात, बाकी आठमध्ये माझं भाडं, माझं शेल्फ आणि न खपलेल्या मालाची जोखीम. तेवढ्या जागेत मी एक खुर्ची टाकली तर जास्त कमावते. आणि मग म्हणाल्या की मला ५० टक्के लागतात, सगळेच देतात.

घरी येऊन मी एकदम उदास. ५० ला विकायचं म्हणजे माझ्याकडे १८ उरणार आणि त्यातून डिलिव्हरी, टेस्टर, फुटलेला माल. पण दोन दिवसांनी शांतपणे बसून केलं तेव्हा कळलं की मी हिशोबच उलटा करत होते. होलसेलची किंमत खर्चावरून वर चढवत न्यायची नसते, शेल्फवरच्या किमतीवरून खाली उतरवायची असते. आधी गिऱ्हाईक किती देईल, त्यातून दुकानदाराचा वाटा काढा, उरलं त्यात माझा खर्च बसतो का बघा. नाही बसत तर ते प्रॉडक्ट होलसेलचं नाहीच, किंवा त्याची शेल्फवरची किंमतच चुकली आहे. माझं सनस्क्रीन असंच निघालं, त्याचा खर्च ४१. ५० ला दिलं तर डिलिव्हरीतच सगळं जातं. म्हणून मी सरसकट सूट सोडून दिली आणि प्रत्येक प्रॉडक्टसमोर वेगळी होलसेल किंमत लिहिली. पाच प्रॉडक्ट ५० ला, सनस्क्रीन ६० ला. मला वाटलं होतं यावरून भांडण होईल पण कोणी काही बोललंच नाही, कारण सनस्क्रीन रोज लागतं आणि लोक ते स्वतःहून मागतात.

मेडिकलवाल्याबरोबरचा किस्सा वेगळाच. तिथले काका म्हणाले आम्हाला ४० टक्के द्या. मला आनंद झाला, सलूनपेक्षा १० कमी! मी घरी येऊन १०० ला १.४ ने भागलं, आलं ७१ च्या आसपास, त्या भावाने बिल करून माल पाठवला. दुसऱ्या दिवशी फोन, बिल चुकलंय. मी म्हणते ४० टक्केच लावलेत, ते म्हणतात २९ च होतायत. दोघंही आपापल्या जागी बरोबर. मी खरेदीच्या किमतीवर ४० टक्के चढवले होते, ते विक्रीच्या किमतीतले ४० टक्के म्हणत होते. त्यांच्या हिशोबाने होलसेल किंमत ६० यायला पाहिजे होती. एका बाटलीमागे ११ चा फरक, आणि बिल ४८ बाटल्यांचं. शेवटी मी ६० ने बिल बदलून दिलं कारण दुकानदार जेव्हा टक्के बोलतो तेव्हा तो विक्रीवरचेच बोलतो, हे मला माहीत असायला हवं होतं. तेव्हापासून मी टक्क्यात बोलणंच बंद केलंय. लिस्टमध्ये दोन आकडे, तुम्हाला इतक्याला पडेल आणि शेल्फवर सुचवलेली किंमत इतकी. टक्के ज्याचे त्याने काढावेत.

सुचवलेली हा शब्द मी मुद्दाम ठेवलाय. दुकानदाराने अमुक किमतीच्या खाली विकूच नये अशी सक्ती करणं बऱ्याच देशांत स्पर्धा कायद्याला चालत नाही. तशीही सक्ती करण्याचा मला काही हक्क उरला नव्हता, कारण सगळ्यात आधी भाव मीच पाडला. वेबसाइटवर तीन दिवसांचा ३० टक्क्यांचा सेल लावला, जुनी सवय. संध्याकाळपर्यंत त्याच सलूनवाल्या मॅडमचा स्क्रीनशॉट आला, खाली एकच ओळ, माझी गिऱ्हाइकं मला हे दाखवतायत. त्यांनी १०० ला लावलेली बाटली मी घरपोच ७० ला विकत होते. त्यांची अर्धी खोकी अजून उघडायची होती. मी सेल त्याच रात्री बंद केला आणि आता माझ्या साइटवर १० टक्क्यांपेक्षा जास्त सूट देत नाही, तेही आधी दुकानांना दोन आठवडे कळवून.

आता मिनिमम ऑर्डर. सुरुवातीला मी युनिटवाल्याची नक्कल केली, तो मला म्हणतो एका प्रॉडक्टच्या ५०० बाटल्या कमीत कमी, म्हणून मी सलूनना म्हटलं प्रत्येकी ५०. सहा प्रॉडक्ट गुणिले ५०, म्हणजे ३०० बाटल्या एका छोट्या सलूनमध्ये. कोणी हसलं नाही हे त्यांचं मोठेपण. मग मी घाबरून दुसऱ्या टोकाला गेले, कितीही घ्या, पाच घ्या, तीन घ्या. महिनाभर खूप ऑर्डरी आल्या, मी रात्री बारापर्यंत पॅकिंग करत होते, आणि महिन्याअखेर हातात जवळपास काहीच नाही.

तेव्हा एक दुपार बसून हिशोब केला. ५० ला विकलेल्या बाटलीत खर्च ३२, फूट-गळती-बदली धरून आणखी २, उरले १६. आता नवीन दुकानाच्या पहिल्या ऑर्डरचा माझा खर्च, जो पाच बाटल्या असोत की पन्नास, साधारण तेवढाच असतो. सहा टेस्टर फुकट द्यायचे, जाऊन त्यांच्या मुलींना वापरून दाखवायचं, खोकं, डिलिव्हरी, माझा अर्धा दिवस. सगळं मिळून २५० धरलं. १२ बाटल्यांची पहिली ऑर्डर म्हणजे १६ गुणिले १२, १९२. म्हणजे मी ५८ खिशातून घालून वर राबत होते. २४ बाटल्यांना ३८४ येतात, खर्च जाऊन १३४ उरतात. म्हणून पहिली ऑर्डर कमीत कमी २४. पण दुसऱ्या ऑर्डरीला टेस्टर नाही, जाणं नाही, फक्त पॅकिंग आणि डिलिव्हरी, ते ९० च्या आसपास, तिथे १२ बाटल्या पण चालतात, १०२ उरतात. तर पहिली २४, पुढे १२, असे दोन वेगळे आकडे. आणि सगळं सहाच्या पटीत कारण माझं आतलं खोकं सहाचं आहे, सुट्टं पाठवलं की एक बाटली हमखास गळते.

कुठले सहा घ्यायचे ते मात्र मी त्यांच्यावर सोडलं. आधी म्हणायचे प्रत्येक प्रॉडक्ट घ्याच, रेंज पूर्ण दिसली पाहिजे शेल्फवर. पण मग टोनर पडून राहायचा, आणि पडलेला टोनर बघून दुकानदाराला वाटतं आख्खा ब्रँडच चालत नाही. आता ज्यांना फक्त दोन प्रॉडक्ट बारा-बारा हवीत त्यांना तेवढीच.

सलूनला एक गोष्ट वेगळी लागते ती म्हणजे वापरायचा मोठा पॅक. फेशियल करताना छोट्या बाटलीतून काढणं त्यांना परवडत नाही, म्हणून अर्धा लिटरचे पंप दिले, मिलीलिटरमागे बरेच स्वस्त. ते मिनिमम ऑर्डरमध्ये मोजत नाही आणि त्यावर फक्त सलूनमध्ये वापरासाठी असं ठळक छापलंय, कारण एका ठिकाणाहून ते पंप ऑनलाइन विकायला लागले होते. कुठून गेले ते बॅच नंबरवरून कळलं, मी कुठल्या दुकानाला कुठली बॅच गेली हे वहीत लिहिते म्हणून. सांगायचा मुद्दा, बॅच नंबर फक्त रिकॉलसाठी नसतो.

आता खरी कथा, उधारीची.

मेडिकलच्या काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ३० दिवस. मी म्हटलं ठीक आहे, महिनाच तर आहे. ३ तारखेला माल आणि बिल पोचलं. पुढच्या महिन्याच्या ३-४ तारखेला मी पैशांची वाट बघत बसले. काही नाही. १० तारखेला फोन केला, त्यांच्या अकाउंटवाल्या मुलाने अगदी प्रेमाने सांगितलं, मॅडम अजून वेळ आहे, आपलं तीस दिवस महिना संपल्यापासून असतं. म्हणजे ३ तारखेचं बिल, महिन्याचे उरलेले २७ दिवस आणि त्यापुढे ३०. ५७ दिवस! आणि तो खोटं बोलत नव्हता, त्यांच्याकडे सगळ्यांचंच तसं चालतं. मी कुठेच लिहिलं नव्हतं तीस दिवस कधीपासून. बिलाच्या तारखेपासून, माल पोचल्यापासून की महिनाअखेरपासून, तीन वेगळी उत्तरं आहेत आणि तिघांचंही नाव तीस दिवसच.

५७ दिवसांनी काय बिघडतं ते मला लगेच कळलं नाही, बॅच संपली तेव्हा कळलं. युनिटवाला मला ५०० बाटल्यांच्या १६,००० मधले अर्धे ऑर्डर देतानाच घेतो, म्हणजे ८,०००. साधारण ४० दिवसांनी माल तयार होतो, उचलायच्या आधी उरलेले ८,०००. मग लेबल तपासणं, वाटप, यात दहा दिवस. म्हणजे माल दुकानात पोचतो तो ५० व्या दिवशी, आणि पैसे येतात त्यापुढे ५७ दिवसांनी, १०७ व्या दिवशी. साडेतीन महिने माझे पैसे दुसऱ्याच्या शेल्फवर. आता गंमत बघा, सीरम चांगलं चाललं, ८० व्या दिवसापर्यंत दुकानांचे फोन सुरू, अजून पाठवा. पुढच्या बॅचचा अॅडव्हान्स द्यायला माझ्याकडे पैसेच नाहीत, कारण ते सगळे येणं बाकी या रकान्यात. सव्वा महिना सीरम नव्हतं. एका मेडिकलने ती जागा दुसऱ्या ब्रँडला दिली आणि ती परत मिळाली नाही. धंदा चालत नव्हता म्हणून नाही, चालत होता म्हणून अडकले.

यावर मी आधी एक हुशारी केली, लवकर पैसे दिले तर सूट. १० दिवसांत भरा, २ टक्के कमी. कुठेतरी वाचलं होतं की असं करतात. २ टक्के म्हणजे किरकोळ वाटलं. माझ्या भावाने गणित करून दाखवलं की तीस ऐवजी दहाव्या दिवशी, म्हणजे फक्त २० दिवस आधी पैसे मिळावेत म्हणून मी २ टक्के देतेय, वर्षात असे अठरा वेळा वीस दिवस येतात, म्हणजे वर्षाचं ३६ टक्क्यांच्या वर व्याज झालं. इतकं महाग कर्ज तर कोणी काढणार नाही. आणि वर लोकांनी काय केलं, पैसे ३५ व्या दिवशी भरले आणि २ टक्के तरीही कापून घेतले. मागायला जावं तर इतक्याशा रकमेसाठी संबंध कशाला खराब करायचे. तीन महिन्यांत ती सूट काढून टाकली.

आता जे ठेवलंय ते असं. पहिली ऑर्डर पूर्ण पैसे आधी, कोणीही असो. यावर लोक कुरकुरतात पण २४ बाटल्यांची रक्कम फार नसते, आणि जो तेवढीही आधी देत नाही तो पुढे ३० व्या दिवशी देईल ही अपेक्षा नको. दुसरी ऑर्डर अर्धे आधी, अर्धे माल मिळाल्यावर. तिसरीपासून ३० दिवस, बिलाच्या तारखेपासून, आणि बिलावर ३० दिवस असं लिहीतच नाही, सरळ तारीख टाकते, अमुक तारखेपर्यंत देय. काकांच्या मेडिकलची सिस्टिम महिनाअखेरचीच आहे, ती माझ्यासाठी बदलणार नाहीत, मग मीच त्यांना माल २६-२७ तारखेला पाठवायला लागले. महिना तिथेच संपतो आणि पैसे ३३-३४ दिवसांत येतात. इतकी साधी गोष्ट, कोणाशी वाद न घालता तीन आठवड्यांहून जास्त वाचले.

दिवसांबरोबर रकमेलाही मर्यादा घातली, एका दुकानाकडे दोन ऑर्डरींपेक्षा जास्त येणं बाकी नाही. जुनं बिल तारखेबाहेर गेलं की नवीन माल थांबतो. हे फोनवर बोलायला मला खूप जड जायचं, त्यामुळे ते लिस्टच्या मागच्या पानावरच छापलं, आता मी म्हणते मागच्या पानावर आहे बघा, जणू ते पान दुसऱ्याच कोणी लिहिलंय.

एक सलून होतं, तीन शाखा, त्यांचं ७२ बाटल्यांचं बिल दोन महिने अडकलं. कारण काय तर चार बाटल्या गळलेल्या निघाल्या. चारांचे २०० होतात आणि त्यासाठी ३,६०० अडकवून ठेवलेले. आणि गळलेल्या हे मला कळलं पाचव्या आठवड्यात, पैसे मागितल्यावर. खरंच गळल्या होत्या की नाही हे तेव्हा कळायला मार्गच नव्हता. मी चार बाटल्या बदलून दिल्या आणि नंतर मागच्या पानावर दोन ओळी वाढवल्या. माल मिळाल्यापासून ४८ तासांत फोटोसकट कळवा, आणि तक्रार ज्या बाटल्यांची आहे तेवढेच पैसे थांबवा, बाकीचे तारखेला द्या. त्या सलूनशी आता व्यवहार आहे पण आगाऊ पैशांवरच.

परतीचा विषय फक्त मेडिकलमध्ये येतो, सलूनवाले कधी मागत नाहीत. मेडिकलला औषधांची सवय असते, एक्स्पायरी जवळ आली की माल परत. मी आधी हो म्हणून बसले होते आणि एके दिवशी खोकं परत आलं, १९ सीरम, त्यातले ११ व्हिटॅमिन सी चे. सगळ्यांवर त्यांची किमतीची चिकटपट्टी, आणि व्हिटॅमिन सी चं सीरम चहासारखं तपकिरी. त्या बाटल्या काचेच्या दारापाशी उन्हात ठेवल्या होत्या. व्हिटॅमिन सी उजेड, उष्णता आणि हवेने खराब होतं, रंग आधी पिवळा मग तपकिरी, हे मला माहीत होतं पण त्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं. ते पैसे मला परत द्यावे लागले. आता परत घेत नाही, बदलून देते, पहिल्या ९० दिवसांत, सील बंद, चिकटपट्टीशिवाय, आणि एक्स्पायरीला निदान १२ महिने असतील तरच, म्हणजे तो माल मी दुसरीकडे देऊ शकते. त्या बदल्यात मीही १८ महिन्यांपेक्षा कमी आयुष्य उरलेला माल त्यांना पाठवत नाही, आणि व्हिटॅमिन सी चं ते सहा बाटल्यांचं खोकं आता आतून काळं करून घेतलंय, वर लिहिलंय दारापाशी ठेवू नका. काकांनी ते आतल्या रॅकवर हलवलं, औषधांच्या शेजारी. तिथे ते गिऱ्हाइकाला दिसत नाही ही वेगळी अडचण आहे, त्यावर सध्या रिकामी खोकी पुढे मांडून बघतोय.

लिस्टवर आता तारीख असते आणि कधीपर्यंत लागू तेही. बाटलीवाल्याने भाव वाढवला तेव्हा मी लगेच वाढवू शकले नाही कारण जुन्या लिस्टवर तारीखच नव्हती आणि लोक तीच पुढे करत होते. या वेळी ३० दिवस आधी नवीन लिस्ट पाठवली, ५० चे ५३. त्या ३० दिवसांत सगळ्यांनी जुन्या भावाने दुप्पट ऑर्डरी टाकल्या. दोन ऑर्डरींची मर्यादा होती म्हणून थांबवता आल्या, नाहीतर पुन्हा सीरम संपलं असतं. मॅडमनी फोन करून विचारलं, मर्यादा माझ्यासाठी पण का. मी म्हटलं मागच्या पानावर आहे बघा. त्या म्हणाल्या, ते पान तूच लिहिलंयस ना गं.